उंच जलकुंभाचा तपासणी अहवाल: गंज, गळती आणि दुरुस्तीचा क्रम

ठाणे-नवी मुंबईच्या खाडीपट्ट्यातील जुन्या उंच टाक्यांचे जे तपासणी अहवाल माझ्यापुढे येतात, त्यांतील बहुतेकांत एकच चूक असते. सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोषाला पहिला क्रमांक मिळतो. भिंतीवरचे पांढरे ओघळ रस्त्यावरूनही दिसतात, म्हणून जलरोधक लेप यादीत वर जातो, आणि कॉलमच्या आतल्या बाजूची केसाएवढी उभी भेग ‘किरकोळ तडे’ या सदरात बसते. दुसरी चूक त्याच जातीची आहे. टाकीतील पाण्याची पातळी उतरली की ती काँक्रीटची गळती समजली जाते, आणि व्हॉल्व्हकडे कोणी पाहत नाही.

खालील टप्पे आरसीसी टाकीचा अहवाल लिहिणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यासाठी आणि सल्लागाराच्या जागेवरील माणसासाठी आहेत. उदाहरण म्हणून नवी मुंबईतील खाडीलगतचा एक जलकुंभ घेतला आहे. तो वर्तुळाकार आणि सपाट तळाचा आहे, आतील व्यास १६ मीटर, पाण्याची पूर्ण उंची ५ मीटर, म्हणजे क्षमता सुमारे १० लाख लिटर. खाली ४५० मिमी व्यासाचे १६ कॉलम आहेत, बाहेरच्या वर्तुळात १२ आणि आत ४, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या ब्रेसच्या तीन पातळ्या आहेत.

## टप्पा १: चढण्यापूर्वीची तयारी

प्रथम मूळ नकाशे मागवावेत. ते बहुधा मिळत नाहीत, तसे असेल तर ‘नकाशे उपलब्ध नाहीत’ हे वाक्य अहवालात स्पष्ट लिहावे, कारण पुढे सळयांचा मूळ व्यास आपण कोठून घेतला हा प्रश्न येणारच. यापूर्वी झालेल्या दुरुस्तीची मोजमाप पुस्तके मिळाली तर ती नकाशांइतकीच उपयोगी पडतात. कोणत्या कॉलमला आधी गिलावा किंवा लेप चढला आहे हे त्यांतून कळते, आणि लेपाखालचे काँक्रीट ही स्वतंत्रपणे तपासायची बाब असते.

त्यानंतर प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा. उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने बाहेरचे कॉलम सी-१ ते सी-१२, आतले सी-१३ ते सी-१६, ब्रेसच्या पातळ्या जमिनीकडून वर ब-१, ब-२, ब-३. क्रमांक कॉलमवर ऑइल पेंटने लिहावेत. क्रमांक केवळ कागदावर असले की सहा महिन्यांनी कंत्राटदार शेजारचा कॉलम फोडतो. हे मी एका ठिकाणी प्रत्यक्ष पाहिले आहे.

बाहेरून पाहणी करण्यासाठी टाकी भरलेली हवी आणि आतून पाहण्यासाठी रिकामी, त्यामुळे भेटी दोन लागतात. रिकाम्या टाकीची भेट नियोजित शटडाऊनला किंवा टाकी धुण्याच्या दिवसाला जोडून घ्यावी. पावसाळ्यात बाहेरची पाहणी करू नये, कारण तेव्हा सगळेच काँक्रीट ओले असते आणि गळती कोणती, पाऊस कोणता हे सांगता येत नाही.

सावधान: सर्वांत आधी शिडी तपासावी. खाडीच्या हवेत लोखंडी शिडीचे पाय भिंतीत शिरतात तेथेच गंजून बारीक होतात, आणि वरून रंग असल्याने ते दिसत नाही. पूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा शिडीला न अडकवता स्वतंत्र दोराला अडकवावा. रिकाम्या टाकीत एकट्याने उतरू नये. सर्व झाकणे उघडून हवा खेळू द्यावी आणि वर एक माणूस कायम उभा ठेवावा.

## टप्पा २: जमिनीवरून आणि स्टेजिंगवरून पाहणी

पाहणीचा क्रम खालून वर ठेवावा, कारण भार खाली येतो. प्रत्येक कॉलमभोवती पूर्ण फेरी मारावी. बाहेरच्या वर्तुळातील कॉलमची आतली बाजू बहुधा कोणी पाहत नाही.

भेगेची दिशा रुंदीपेक्षा जास्त सांगते. कॉलमवर मुख्य सळईच्या रेषेत उभी जाणारी भेग म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे. गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो कव्हर बाहेर ढकलतो. ठरावीक अंतरावर आडव्या रेषा दिसल्या तर रिंगा गंजल्या आहेत. जाळीसारख्या, कोणत्याही सळईच्या रेषेत नसलेल्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात, त्या नोंदवून पुढे जावे.

भेग दिसली नाही तरी हातोडीने ठोकून पाहावे. चांगले काँक्रीट खणखणीत वाजते, कव्हर सुटलेले असेल तर बद्द आवाज येतो. बद्द भागाची कड खडूने आखून चौरस मीटरमध्ये मोजावी. जास्त वेळ ब्रेसचा तळ आणि ब्रेस-कॉलमचा सांधा येथे द्यावा. ब्रेसच्या तळाशी ओल रेंगाळते आणि सांध्यात काँक्रीट नीट न बसल्याने हनीकोम असतो.

पडताळणी: प्रत्येक छायाचित्रात भागाचा क्रमांक आणि मोजपट्टी दिसते का? नसेल तर ते छायाचित्र अहवालात पुरावा म्हणून चालणार नाही.

## टप्पा ३: गंजाचे मोजमाप

‘सळई बऱ्यापैकी गंजलेली’ या शब्दांना अंदाजपत्रकात किंमत नाही. सळई उघडी करून तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासावी आणि कॅलिपरने सर्वांत बारीक ठिकाणी व्यास घ्यावा. मूळ व्यासासाठी त्याच कॉलमवर चांगल्या जागी एक छोटी खिडकी फोडावी लागते.

येथे गणित नेहमी चुकते. आपल्या उदाहरणात सी-७ कॉलमवर दुसऱ्या ब्रेसच्या वर १.२ मीटर लांबीची उभी भेग होती. फोडल्यावर २० मिमीची सळई १७.५ मिमी भरली. ‘व्यासात साडेबारा टक्के घट’ असे लिहिले तर ते सौम्य वाटते, पण ताकद क्षेत्रफळावर असते, आणि १७.५ ला २० ने भागून वर्ग केला तर ०.७७ येते, म्हणजे घट २३ टक्के.

तरीही खरा धोका त्या सळईत नव्हता. आठ मुख्य सळयांपैकी दोनच अशा होत्या, त्यामुळे एकूण पोलादातील घट सहा टक्क्यांच्या आसपास होती. त्याच ठिकाणी ८ मिमीच्या रिंगा मात्र कोठे ६ मिमी उरल्या होत्या, म्हणजे ४४ टक्के घट, आणि दोन रिंगा पूर्ण तुटल्या होत्या. रिंग सर्वांत बाहेर असते आणि सर्वांत बारीक असते, म्हणून ती आधी जाते. ती गेली की मुख्य सळईला बाजूने धरणारे काही उरत नाही आणि भाराखाली ती बाहेर वाकू शकते. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे आणि टाकीचे सगळे वस्तुमान वर असते, त्यामुळे तुटलेल्या रिंगांची नोंद मुख्य सळईच्या नोंदीइतक्याच ठळकपणे करावी. निम्म्याहून अधिक अहवालांत रिंगांचा स्तंभच नसतो.

गंज कशामुळे आला हेही ठरवावे लागते, कारण दुरुस्ती त्यावर अवलंबून असते. ताज्या तोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते, कार्बोनेशन झालेले रंगहीन राहते. रंगहीन थराची खोली कव्हरशी ताडून पाहावी. सी-७ वर कव्हर २५ मिमी होते आणि रंगहीन थर ३० मिमी, म्हणजे सळई संरक्षणाबाहेर गेली होती. खाडीलगत क्लोराइडही तपासावे. त्यासाठी ड्रिलची भुकटी सळईच्या खोलीवरून घ्यावी, पृष्ठभागावरून नव्हे. आयएस ४५६ मध्ये सळईयुक्त नव्या काँक्रीटसाठी घनमीटरला ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा आहे, तुलनेसाठी तीच वापरतात.

सावधान: रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर एकट्याने विसंबू नये. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कठीण होतो आणि हॅमर जास्त ताकद दाखवतो, म्हणजे काँक्रीट जितके जुने तितका आकडा देखणा. हाफ-सेल पोटेन्शियलची चाचणी रंगावरून किंवा कोरड्या काँक्रीटवर घेतली तर निरर्थक असते. उणे ३५० मिलीव्होल्टपेक्षा अधिक उणे वाचन म्हणजे गंज चालू असण्याची दाट शक्यता, गंजाचे प्रमाण नव्हे. कोअर काढायचा असल्यास आधी कव्हर मीटरने सळया शोधाव्यात.

## टप्पा ४: टाकीच्या आत, विशेषतः छताखाली

टाकीच्या आत गेलेला माणूस तळ आणि भिंत पाहतो आणि परत येतो. मान वर करून छताचा तळ पाहिला पाहिजे. सतत पाण्याखाली असलेल्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून तेथे गंज हळू चालतो. पूर्ण पातळीच्या वर मात्र बाष्प, हवा आणि पाण्यातून सुटणारा क्लोरीन हे तिन्ही एकत्र असतात, आणि छताच्या स्लॅबची खालची सळई या वाफेत वर्षानुवर्षे असते. बाहेरून रंगवलेली, नीटनेटकी दिसणारी टाकी आतून छताला पूर्ण उघडी पडलेली असू शकते.

या भागाचा अहवालातील प्रश्न वेगळा असतो. छताचा पोपडा पडला तर स्टेजिंगला काही होत नाही, पण पोपडा आणि गंज पिण्याच्या पाण्यात जातो. म्हणून छत, झाकणे, वायुवीजकाची फाटलेली जाळी आणि वरच्या सांध्यात रुजलेला पिंपळ या नोंदी ‘पाण्याची शुद्धता’ या स्वतंत्र शीर्षकाखाली घ्याव्यात, नाहीतर स्टेजिंगच्या मोठ्या आकड्यांपुढे त्या हरवतात.

## टप्पा ५: गळती कोठून आणि किती

आयएस ३३७० मध्ये जलरोधकतेची जी कसोटी आहे, त्यात टाकी भरून सात दिवस काँक्रीटला पाणी शोषू द्यायचे आणि पुढचे सात दिवस बाहेरचा पृष्ठभाग कोरडा राहतो का ते पाहायचे असते. चालू पुरवठ्याच्या टाकीला चौदा दिवस कोणी देत नाही, म्हणून जागेवर रात्रीची चाचणी घेतात. तिच्या मर्यादा माहीत असल्या तर ती पुरेशी आहे.

रात्री ११ ला टाकी भरून आवक, जावक आणि वॉशआउट असे सगळे व्हॉल्व्ह बंद केले. पहाटे ५ ला पातळी १८ मिमी उतरलेली आढळली. टाकीचे आतील क्षेत्रफळ २०१ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे ३,६०० लिटर पाणी गेले, तासाला ६०० लिटर. याच आकड्यावर ‘काँक्रीटमधून तीव्र गळती, संपूर्ण ग्राउटिंग आवश्यक’ असे लिहून मोकळे होणारे अहवाल मी पाहिले आहेत.

त्याच रात्री खाली थेंब जेथे पडत होते तेथे बादल्या लावल्या होत्या. जावक पाइप तळाच्या स्लॅबमधून बाहेर येतो तेथे तासाला सुमारे ४० लिटर आणि भिंतीवरच्या दोन जागी मिळून २५ लिटर, म्हणजे एकूण ६५. उरलेले ५३५ लिटर कोठे गेले? वॉशआउटचे तोंड आणि ओव्हरफ्लो कोरडे होते. दुसऱ्या रात्री जावक वाहिनीवरचा पुढचा व्हॉल्व्हही बंद केला, तेव्हा सहा तासांत पातळी सुमारे २ मिमीच उतरली, म्हणजे तासाला ६५ ते ७० लिटर. हा आकडा बादल्यांशी जुळला. बाकीचे पाणी झिजलेल्या जावक स्लूस व्हॉल्व्हमधून वितरणात जात होते. ते वायाही जात नव्हते आणि त्याचा काँक्रीटशी काही संबंधही नव्हता. (या टाकीत १ मिमीची चूक म्हणजे २०० लिटर, म्हणून लहान गळतीसाठी पातळीपट्टीपेक्षा बादली जास्त विश्वासाची.)

गळतीची उंची ठरवण्यासाठी पाणी टप्प्याटप्प्याने खाली आणावे आणि थेंब कोणत्या पातळीला थांबतो ते पाहावे. आपल्या टाकीत भिंतीची ओल पाणी ३.२ मीटरच्या खाली जाताच वाळू लागली. आतून त्याच उंचीवर काँक्रीटच्या दोन लिफ्टमधला जोड सापडला. पाइपजवळचा थेंब शेवटपर्यंत थांबला नाही, म्हणजे दोष तळाशी, पाइप जेथे स्लॅब भेदतो तेथील पडल फ्लँजभोवती होता.

ओलीचे वर्णन करताना तीन शब्द काटेकोर वापरावेत. ‘थेंब किंवा धार’ म्हणजे मोजता येणारी गळती. ‘ओल’ म्हणजे हाताला पाणी लागते पण पडत नाही. ‘पांढरा ओघळ, कोरडा’ म्हणजे पूर्वी पाणी आले होते आणि चुन्याने भेग भरून बहुधा बंद झाली. तिसऱ्याला गळती म्हणू नये.

पडताळणी: बादल्यांची बेरीज आणि पातळीतील घट जुळते का? जुळत नसेल तर गळतीचा परिच्छेद लिहू नये, आधी व्हॉल्व्ह शोधावेत.

## टप्पा ६: प्राधान्यक्रम

प्रत्येक दोषाला दोन प्रश्न विचारावेत: हा भाग गेला तर काय पडेल, आणि तो किती वेगाने बिघडतो आहे? दुरुस्तीचा खर्च आणि दोषाचे दिसणे या दोन गोष्टी येथे विचारात घ्यायच्या नाहीत.

तातडीचे, अहवालाची वाट न पाहता. सी-७ ची नोंद झाली त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्यांना एका पानाचे पत्र जायला हवे. पत्रात ‘पातळी कमी ठेवावी’ असे मोघम लिहिण्याऐवजी आकडा द्यावा. या टाकीत प्रत्येक मीटर पाण्याचे वजन सुमारे २०० टन आहे, म्हणून ५ वरून ३ मीटरवर आणल्यास स्टेजिंगवरचे ४०० टन कमी होतात. सुरक्षित पातळी शेवटी संरचना अभियंत्याने गणिताने ठरवायची आहे, तोपर्यंतची ही तात्पुरती मर्यादा. ती व्हॉल्व्हमनच्या लक्षात राहील यावर विसंबू नये. पातळीदर्शकावर लाल रेघ काढावी, पंप बंद होण्याचे सेटिंग बदलावे आणि साठा घटल्यामुळे टाकी दिवसातून किती वेळा भरावी लागेल हेही पत्रात लिहावे, कारण ते न लिहिलेली मर्यादा आठवडाभरात मोडली जाते. टाकीखालची जागा बांबू आणि पत्रे लावून बंद करावी, तेथे दुचाकी उभ्या करू देऊ नयेत.

पहिला क्रम, पावसाळ्यापूर्वी. सी-७ ला नव्या रिंगांसह मायक्रोकाँक्रीटचे जॅकेट, सळया उघड्या पडलेल्या ब्रेसची दुरुस्ती आणि शिडी. शिडी येथे आहे, कारण तिच्याविना पुढचे कोणतेही काम सुरक्षित नाही.

दुसरा क्रम, एकाच शटडाऊनमध्ये. छताचा तळ, पाइपभोवतीची गळती, भिंतीच्या जोडाचे ग्राउटिंग, जाळ्या आणि जावक व्हॉल्व्ह. ही सर्व कामे टाकी रिकामी असतानाच होतात, त्यामुळे त्यांची फोड करून तीन शटडाऊन मागणे व्यवहार्य नाही. आतील लेप पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असावा, आणि पुरवठा सुरू करण्यापूर्वी क्लोरिनेशन व जीवाणू चाचणी ही स्वतंत्र बाब म्हणून अंदाजपत्रकात असावी.

तिसरा क्रम. बाहेरचा संरक्षक लेप, कोरडे पांढरे ओघळ साफ करणे, रंग. ज्या ओघळांपासून बहुतेक अहवाल सुरू होतात ते आपल्या यादीत येथे आले आहेत.

## टप्पा ७: दुरुस्तीचा क्रम लिहिताना

कोणते काम आधी हे लिहिले तरी ते कसे करायचे याचा क्रम राहून जातो, आणि कंत्राटदार त्याच्या सोयीचा क्रम घेतो. पातळी उतरवल्याशिवाय कॉलम फोडू नये. शेजारचे दोन कॉलम एकाच वेळी फोडू नयेत, आणि एका कॉलमचाही पूर्ण घेर एकदम उघडा करू नये. हे तीन नियम बाब-वर्णनातच घालावेत.

सळईच्या फक्त पुढचे काँक्रीट काढून मसाला भरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सळईच्या मागे बोट जाईल इतके, साधारण २० ते २५ मिमी, खोदावे. सळई चारही बाजूंनी घासावी आणि मगच गंजरोधक लावावे. घासण्याऐवजी गंजावरच रसायन फासून काम उरकण्याची पद्धत चालू देऊ नये. क्लोराइड असेल तर आणखी एक गोष्ट घडते. दुरुस्त केलेल्या तुकड्यात सळई सुरक्षित होते आणि त्याच्या काठाबाहेरच्या जुन्या काँक्रीटमध्ये गंज वाढतो, म्हणून वर्ष-दोन वर्षांत जुन्या ठिगळाभोवती नवी भेग दिसते. त्यामुळे तोडण्याचे क्षेत्र गंजलेल्या लांबीच्या पलीकडे, स्वच्छ सळई लागेपर्यंत न्यावे आणि परिमाणात तेवढी वाढ आधीच धरावी. हातोडीने आखलेले क्षेत्र प्रत्यक्ष तोडल्यावर वाढतेच, ते लपवून काढलेले अंदाजपत्रक मध्येच अडते आणि कॉलम उघडा पडून राहतो.

## टप्पा ८: अहवालाची मांडणी

पहिल्या पानावर चारच गोष्टी असाव्यात: परवानगी असलेली पाण्याची पातळी मीटरमध्ये, तातडीच्या बाबी, प्राधान्यक्रमाची यादी आणि पुढच्या पाहणीची तारीख. वरिष्ठांपैकी अनेक जण एवढेच पान वाचतात. त्यानंतर भागवार तक्ता यावा, ज्यात प्रत्येक ओळीला भागाचा क्रमांक, दोष, मोजमाप, संभाव्य कारण, दुरुस्ती, परिमाण आणि छायाचित्र क्रमांक असतो. सी-७ ची ओळ अशी होईल: ‘दुसऱ्या ब्रेसच्या वर, आतली बाजू, १.२ मी. उभी भेग, बद्द आवाज ०.६ चौ.मी.; २० मिमीच्या दोन सळया १७.५ मिमी, क्षेत्रफळात घट २३ टक्के. ८ मिमीच्या दोन रिंगा तुटलेल्या. कार्बोनेशन ३० मिमी, कव्हर २५ मिमी.’

जे पाहता आले नाही तेही लिहावे. पाया, गिलाव्याखाली झाकलेले कॉलम आणि शिडी असुरक्षित असल्याने न पाहिलेला ब्रेस यांची नावे क्रमांकासह यावीत. अशी ओळ नसेल तर न पाहिलेला भाग ठीक आहे असाच अर्थ घेतला जातो.

पडताळणी: सही करण्यापूर्वी तक्त्यातील कोणतीही तीन मोजमापे निवडून, तक्ता न पाहता ती जागेवर पुन्हा घ्यावीत. सी-७ ची दुसरी मोजणी आपण केली तेव्हा भेग १.२ ऐवजी १.३ मीटर भरली. पहिल्या भेटीला दहा दिवस झाले होते, आणि ही वाढ तक्त्यात तारखेसह स्वतंत्र नोंद म्हणून घातली.